दरखास्त लावताना ऋणकोची जप्त होण्याजोगी मालमत्ता कशी शोधायची

पैशाचा दावा जिंकला आणि हुकूमनामा हातात आला, तरी पैसे आपोआप येत नाहीत. न्यायालय स्वतःहून ऋणकोच्या दारात जात नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 च्या आदेश 21 खाली वेगळी दरखास्त लावावी लागते आणि त्या दरखास्तीत काय जप्त करायचे ते दरखास्तदारालाच सांगावे लागते. बहुतेक दरखास्ती इथेच अडतात. "ऋणकोची स्थावर व जंगम मालमत्ता जप्त करून रक्कम वसूल करून द्यावी" एवढे एकच वाक्य लिहिलेले असते. बेलिफ जातो, घराला कुलूप बघतो किंवा चार खुर्च्या आणि जुना टीव्ही बघतो, अहवाल देतो आणि तारखा पडत राहतात. कायद्यात वसुलीचे रस्ते पुष्कळ आहेत, पण कुठल्या मालमत्तेवर बोट ठेवायचे ते माहीत नसेल तर त्यातला एकही चालत नाही.

हे एका उदाहरणावरून नीट कळेल. जालन्याच्या एका व्यापाऱ्याने नाशिकच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपला लोखंडी पत्रे उधारीवर दिले. वर्कशॉप एकाच माणसाच्या मालकीचे, म्हणजे प्रोप्रायटरी. 1 जुलै 2021 रोजी जालन्यात दावा दाखल झाला आणि 1 जुलै 2024 रोजी हुकूमनामा झाला. मुद्दल 8,00,000 रुपये, दावा दाखल झाल्यापासून पूर्ण वसुलीपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च 46,000 रुपये. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण रोज घडणारी आहे.

दरखास्त लावायला हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून 12 वर्षांची मुदत असते. पण मुदत लांब आहे म्हणून थांबणे महागात पडते, आणि त्याचे कारण आदेश 21 च्या नियम 22 मध्ये आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेल्यावर दरखास्त लावली, तर आधी ऋणकोला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. दोन वर्षांच्या आत लावली, तर पैशाच्या हुकूमनाम्यात जप्तीपूर्वी या नोटिशीची गरज नसते. या फरकाचे मोल मोठे आहे. नोटीस मिळालेला ऋणको खाते रिकामे करतो, गाडी मेहुण्याच्या नावावर करतो आणि येणे असलेली बिले दुसऱ्या फर्मकडे वळवतो. काही ठिकाणी सवयीने सगळ्याच दरखास्तींत आधी नोटीस निघते. तेव्हा वकिलांनी नियम 22 आणि 24 दाखवून थेट जप्तीचा आदेश मागावा.

न्यायालय कोणते?

आपल्या व्यापाऱ्याचा हुकूमनामा जालन्याचा आहे, पण वर्कशॉप, खाते आणि जमीन सगळे नाशिककडे. संहितेच्या कलम 39 मध्ये 2002 साली घातलेल्या पोटकलम 4 प्रमाणे न्यायालयाला आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करता येत नाही. म्हणून आधी जालन्याच्या न्यायालयात अर्ज देऊन हुकूमनामा नाशिकला पाठवून घ्यायचा. त्यासोबत हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि रक्कम वसूल झालेली नाही, किंवा किती झाली आहे, याचा दाखला जातो. मग दरखास्त नाशिकला लावायची. तिथल्या न्यायालयाला कलम 42 खाली मूळ न्यायालयाइतकेच अधिकार मिळतात. हे न करता जालन्यातूनच नाशिकचे खाते जप्त करायचा आदेश घेतला, तर पहिल्याच हरकतीत तो पडू शकतो आणि मधल्या काळात ऋणको सावध होतो तो वेगळाच.

दरखास्तीच्या तक्त्यात येणे रक्कम अचूक लिहावी. 1 जानेवारी 2025 रोजी दरखास्त लावली असे धरू. साडेतीन वर्षांचे व्याज वर्षाला 72,000 प्रमाणे 2,52,000 होते. मुद्दल आणि खर्च धरून एकूण येणे 10,98,000 रुपये. ऋणकोने न्यायालयाबाहेर काही दिले असेल तर तेही लिहावे. ते लपवले की पुढच्या प्रत्येक आकड्यावर न्यायालय संशयाने बघते. ऋणकोच्या बाजूनेही हे महत्त्वाचे आहे, कारण नियम 2 प्रमाणे न्यायालयात नोंद न झालेला बाहेरचा भरणा दरखास्त चालवणारे न्यायालय मानत नाही.

आधी गुपचूप, मग उघड

मालमत्ता शोधण्याचे दोन टप्पे असतात आणि त्यांचा क्रम उलटा करू नये. पहिल्या टप्प्यात ऋणकोला न कळता जे कळू शकते ते सगळे गोळा करायचे आणि त्यावर थेट जप्ती आणायची. दुसऱ्या टप्प्यात ऋणकोलाच न्यायालयात बोलावून त्याच्याकडून माहिती काढायची. आधी त्याला बोलावले, तर पहिल्या टप्प्यात हाती लागणारे बरेचसे निसटून जाते.

सुरुवात स्वतःच्या फाइलपासून करा. ऋणकोने पूर्वी दिलेल्या चेकवर त्याच्या बँकेचे आणि शाखेचे नाव असते. आरटीजीएसने पैसे आले असतील तर आपल्या खात्याच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याची बँक दिसते. त्याच्या लेटरहेडवर, कोटेशनवर, खरेदी ऑर्डरवर जीएसटी क्रमांक असतो. हा क्रमांक पंधरा अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यातले तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे दहा म्हणजे त्या माणसाचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनवरून शोध घेतला की त्याच माणसाच्या नावे इतर नोंदण्या आहेत का ते कळते. आपल्या उदाहरणातला ऋणको "धंदा बंद झाला" असे सांगत असेल आणि त्याच पॅनवर दुसऱ्या व्यापारी नावाने चालू नोंदणी दिसत असेल, तर धंदा बंद झालेला नाही, फक्त पाटी बदलली आहे. प्रोप्रायटरी धंद्यात फर्म आणि मालक कायद्याने एकच, म्हणून नवी पाटीही जप्तीच्या कक्षेत येते. भागीदारी फर्म असेल तर नियम 50 बघावा लागतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हुकूमनामा कंपनीविरुद्धच असतो आणि संचालकाचे घर त्यात जप्त करता येत नाही. दरखास्तीत संचालकांच्या घरांची यादी जोडून महिने घालवणारे पुष्कळ आहेत.

स्थावरासाठी सातबारा, आठ अ आणि शहरी भागात मालमत्ता पत्रक काढावे. सातबाऱ्यात नुसते भोगवटादाराचे नाव बघून थांबू नये. "इतर हक्क" रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद, आधीची जप्ती असे सगळे असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन शोधातून सूची दोनच्या, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या, नोंदी मिळतात, आणि दावा दाखल झाल्यानंतर ऋणकोने काय विकले किंवा बक्षीस दिले ते तिथे दिसते. आपल्या उदाहरणात ऋणकोने सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे दावा चालू असताना, राहता फ्लॅट बायकोच्या नावाने बक्षीसपत्र करून दिला आहे. ही नोंद आत्ता जपून ठेवायची, तिचा उपयोग पुढे येतो.

आणखी एक जागा फारच थोडे लोक बघतात. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला की ऋणकोने स्वतः कुणावर दावा केला आहे का ते कळते. त्याला कुणाकडून हुकूमनामा मिळाला असेल तर नियम 53 खाली तो हुकूमनामाच जप्त करता येतो.

बँक खाते: सोपे वाटते, पण फसते

खात्याची जप्ती म्हणजे बँकेकडून ऋणकोला येणे असलेल्या रकमेची जप्ती. नियम 46 खाली बँकेला मनाई हुकूम जातो आणि त्या दिवशी खात्यात जी जमा असेल ती अडते. आदेशात ऋणकोचे स्वतःचे नाव, फर्मचे नाव, पॅन आणि शाखा हे चारही असावेत. फक्त फर्मचे नाव लिहिले आणि खाते वैयक्तिक नावाचे असले, तर "असे खाते नाही" असे उत्तर येते आणि महिना वाया जातो.

याहून मोठी अडचण खात्याच्या प्रकाराची आहे. वर्कशॉपचे मुख्य खाते बहुधा कॅश क्रेडिटचे असते. समजा मर्यादा 25 लाख आहे आणि 19 लाख वापरलेले आहेत. उरलेले 6 लाख ऋणकोचे पैसे नव्हेत, ती बँकेने द्यायला कबूल केलेली उधारी आहे. बँक ऋणकोचे देणे लागत नाही, उलट ऋणकोच बँकेचे 19 लाख देणे लागतो. अशा खात्यावरचा मनाई हुकूम रिकामा जातो. बँकेचे "खाते ओव्हरड्रॉन आहे" असे उत्तर आले तर वैतागू नका. त्याच उत्तरातून कळते की बँकेकडे तारण आहे, म्हणजे ऋणकोची काही मालमत्ता गहाण आहे आणि बँकेला त्याने आपला ताळेबंद दिलेला आहे. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या टप्प्यात उपयोगी पडतात.

संयुक्त खाते असेल तर दुसऱ्या धारकाची हरकत येणारच. पैसे कुणाचे, याचा पुरावा द्यावा लागतो. निवृत्तीवेतन आणि ग्रॅच्युइटी तर खात्यात जमा होऊन मुदत ठेवीत गुंतवली तरी जप्तीपासून सुरक्षित राहते असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. ज्येष्ठ ऋणकोच्या ठेवीवर जप्ती आणण्यापूर्वी पैसे कुठून आले ते बघावे.

ऋणकोला कोण देणे लागतो?

धंदेवाईक ऋणकोच्या बाबतीत सगळ्यात चांगली मालमत्ता म्हणजे त्याची बाजारातली येणी. घर विकायला वर्षे लागतात. ग्राहकाकडची बाकी मात्र थेट न्यायालयात जमा होऊ शकते. शिवाय ज्याचा धंदा चालू आहे त्याचे कुणाकडून तरी येणे असतेच. तरीही दरखास्तींत याच गोष्टीचा सर्वात कमी वापर होतो, कारण ग्राहक कोण हे माहीत नसते. ते शोधायला नियम 41 आहे.

नियम 41 चे दोन भाग आहेत. पहिल्या भागात न्यायालय ऋणकोला बोलावून त्याची तोंडी तपासणी घेऊ शकते आणि वह्या, कागदपत्रे हजर करायला लावू शकते. दुसऱ्या भागात, हुकूमनामा 30 दिवस अतृप्त राहिला असेल तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचे तपशील शपथपत्रावर द्यावेत असा आदेश होतो. त्याचा नमुना परिशिष्ट ई मध्ये 16-अ क्रमांकाने दिलेला आहे. हा आदेश पाळला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

व्यवहारात ऋणको अर्ध्या पानाचे शपथपत्र देतो, "माझ्या नावे कोणतीही मालमत्ता नाही", आणि पुष्कळदा दरखास्तदार तिथेच थकतो. तिथेच पहिल्या भागाचा अर्ज द्यायचा आणि त्यात नेमके कागद मागायचे. "सर्व कागदपत्रे" असे मोघम मागितले की मोघमच मिळते. आपल्या व्यापाऱ्याने मागायचे कागद असे: गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे ताळेबंदासह, गेल्या बारा महिन्यांची जीएसटीआर-1 विवरणपत्रे, सगळ्या खात्यांचे बँक उतारे आणि कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करताना बँकेला दिलेले स्टॉक व येणी यांचे पत्रक.

हे शेवटचे पत्रक सोन्यासारखे असते. कॅश क्रेडिट घेणारा धंदेवाला बँकेला ठरावीक काळाने माल किती पडून आहे आणि कुणाकडून किती येणे आहे हे लिहून देतो, कारण त्यावरच त्याची उचल मर्यादा ठरते. बँकेपुढे तो येणी कमी करून सांगत नाही. न्यायालयात "येणे काही नाही" म्हणणाऱ्या माणसाने त्याच महिन्यात बँकेला 14 लाखांची येणी ग्राहकांच्या नावानिशी लिहून दिलेली सापडतात. जीएसटीआर-1 मध्येही नोंदणीकृत ग्राहकाला दिलेले प्रत्येक बिल ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकासह येते. ऋणकोने हे कागद आणले नाहीत, तर संबंधित बँकेच्या व्यवस्थापकाला कागदांसह साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज करता येतो. नियम 41 मध्ये न्यायालय ऋणकोखेरीज इतर कुणालाही तपासू शकते.

समजा, या पत्रकातून कळले की नाशिकमधल्याच एका कारखान्याकडून ऋणकोला 6,50,000 रुपये येणे आहे. आता गार्निशीची, म्हणजे ऋणकोच्या देणेकऱ्याकडून थेट वसुलीची, कारवाई सुरू होते. आधी नियम 46 खाली हे येणे जप्त करायचे, म्हणजे कारखान्याने ऋणकोला पैसे देऊ नयेत आणि ऋणकोने ते घेऊ नयेत असा मनाई हुकूम. मग नियम 46-अ खाली अर्ज, सोबत शपथपत्र. त्यात अमुक कारखाना ऋणकोचे अमुक रक्कम देणे लागतो असा आपला विश्वास आहे आणि तो कशावरून, हे लिहायचे. न्यायालय कारखान्याला नोटीस काढते: रक्कम न्यायालयात भरा किंवा का भरू नये ते सांगा. कारखाना गप्प राहिला तर नियम 46-ब खाली त्याच्याविरुद्ध आदेश होतो आणि तो जणू त्याच्याविरुद्धचाच हुकूमनामा असल्यासारखा बजावता येतो. कारखान्याने वाद घातला, तर नियम 46-क प्रमाणे तो मुद्दा पुरावा घेऊन ठरतो.

इथे कारखान्याने काय सांगितले ते बघू. "6,50,000 चे बिल खरे, पण काम सदोष होते म्हणून 1,20,000 कापलेले आहेत. 5,30,000 आम्ही मान्य करतो." दरखास्तदाराने सगळ्यावर भांडत बसू नये. मान्य रक्कम लगेच भरून घ्यावी आणि 1,20,000 चा मुद्दा वेगळा चालू द्यावा. न्यायालयात भरल्यावर कारखान्याची ऋणकोकडची तेवढी जबाबदारी फिटते, ही खात्री नियम 46-फ देतो, म्हणून बहुतेक ग्राहक मान्य रक्कम भरायला नाखूष नसतात. त्यांना भीती दोनदा पैसे द्यावे लागण्याची असते.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. येणे खरोखर निर्माण झालेले असले पाहिजे. पुढच्या महिन्यात मिळू शकणारी ऑर्डर हे येणे नव्हे. गहाण किंवा बोजाने सुरक्षित असलेल्या कर्जाला 46-अ लागत नाही. आणि बँकेने ही येणी आधीच तारण म्हणून घेतलेली असू शकतात. तसे असेल तर बँक हक्क सांगायला येईल आणि कुणाचा हक्क आधी ते न्यायालय ठरवेल. म्हणून पत्रक मिळाल्याबरोबर हालचाल करायची.

5,30,000 रुपये 1 जुलै 2025 रोजी मिळाले असे धरून हिशेब मांडू, कारण इथे हमखास घोळ होतो. त्या दिवशी चार वर्षांचे व्याज 2,88,000 आणि खर्च 46,000, मिळून 3,34,000. आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात वळती होते आणि मग मुद्दलात, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरप्रीत सिंग विरुद्ध भारत सरकार या 2006 च्या निकालात स्पष्ट केले आहे. 5,30,000 मधून 3,34,000 गेले, राहिले 1,96,000, ते मुद्दलातून वजा. शिल्लक मुद्दल 6,04,000 आणि यापुढचे व्याज महिन्याला 4,530 रुपये. ऋणकोचा वकील सगळे 5,30,000 मुद्दलातून वजा करून 2,70,000 वरच पुढचे व्याज धरलेला तक्ता देईल. त्याच तारखेला आपला लेखी हिशेब दाखल करावा.

काय जप्त होत नाही

कलम 60 मध्ये सूट मिळालेल्या वस्तूंची यादी आहे. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, गुरे आणि बियाणे, भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विमा पॉलिसीचे पैसे हे जप्त करता येत नाहीत. वर्कशॉपमधली मोठी कटिंग मशीन "कारागिराची अवजारे" म्हणून वाचवायचा प्रयत्न होतो. ही सूट स्वतःच्या हाताने कसब करून पोट भरणाऱ्याच्या साध्या अवजारांसाठी आहे. दहा कामगार लावून चालवलेल्या यंत्रसामग्रीला ती सहसा लागू पडत नाही. पण मशीनवर बँकेचे तारण असेल तर लिलावात हाती फारसे येत नाही. गाडीचेही तसेच. नोंदणी पुस्तकावर कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद असेल तर आधी ती फेडली जाते.

पगार पूर्ण सुरक्षित नाही, पूर्ण जप्तही होत नाही. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यात पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे. जप्तीसाठी धरायचा पगार 61,000 असेल तर 60,000 चा एक तृतीयांश, म्हणजे महिन्याला 20,000 जप्त होतात. तेही एकूण 24 महिनेच. एकाच हुकूमनाम्यात 24 महिने पूर्ण झाले की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. म्हणजे कमाल 4,80,000. त्याहून मोठे येणे असेल तर फक्त पगारावर विसंबू नये.

"शेतजमीन जप्त होत नाही" हा समज चुकीचा आहे. शेतकऱ्याचे घर, त्याच्या खालची आणि लगतची जागा यांना सूट आहे, जमिनीला नाही. महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनीला महसूल संहितेचे वेगळे संरक्षण आहे, आणि भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विक्रीवर निर्बंध असलेली, जमीन असेल तर आधी परवानगीचा प्रश्न बघावा. आपल्या ऋणकोचे नाव गावच्या 1 हेक्टर 20 आरच्या सातबाऱ्यावर दोन भावांसह आहे. त्यात फक्त त्याचा एक तृतीयांश हिस्सा जप्त करता येतो आणि दरखास्तीत तेवढाच लिहायचा. संपूर्ण गट लिहिला की भाऊ नियम 58 खाली हरकत घेतात आणि ती योग्यच असते. हिस्सा विकला गेला तरी घेणाऱ्याला वाटपाचा दावा करावा लागतो, शिवाय कूळकायद्याच्या कलम 63 मुळे न्यायालयीन लिलावातही बिगरशेतकऱ्याला सहसा जमीन घेता येत नाही. बोली लावणारे कमी, म्हणून किंमत कमी. जप्ती ठेवावी, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्यावी, पण पैसे यातून लवकर येतील असे धरू नये.

ऋणकोचे वर्कशॉप ज्या त्याच्या मालकीच्या गाळ्यात आहे त्याचे गणित वेगळे. गाळ्याची किंमत अंदाजे 45 लाख, त्यावर बँकेच्या कॅश क्रेडिटचे 19 लाख. वरच्या 26 लाखांच्या किमतीवर आपली नजर. नियम 54 ची जप्ती झाली की ऋणकोने केलेली खासगी विक्री कलम 64 प्रमाणे जप्तीखालच्या हक्कांपुरती निरर्थक ठरते. अर्जासोबत चतुःसीमा, मिळकत क्रमांक आणि ऋणकोचा हिस्सा नियम 13 प्रमाणे नीट लिहावा. शेड क्रमांकातला एक आकडा चुकला तर शेजाऱ्याचा गाळा जप्त होतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. राहिलेल्या सहा लाखांसाठी 45 लाखांचा गाळा विकू नये, अशी ऋणकोची हरकत नियम 64 चा आधार घेऊन येईल. गाळ्याचे तुकडे होत नाहीत, हे न्यायालयाला दाखवावे लागते. प्रत्यक्षात लिलावाचा जाहीरनामा ठरायच्या तारखेला ऋणको बहुधा हप्त्यांचा प्रस्ताव घेऊन येतो. हुकूमनाम्यानंतर हप्ते द्यायचे तर आदेश 20 नियम 11 प्रमाणे हुकूमनामाधारकाची संमती लागते. संमती द्यायची असेल तर दोन अटी लेखी नोंदवाव्यात: एक हप्ता चुकला की सगळी बाकी देय, आणि शेवटचा रुपया येईपर्यंत जप्ती कायम.

फ्लॅटच्या बक्षीसपत्राचे कामही आता होते. फ्लॅट जप्त करायचा अर्ज द्यायचा आणि बायकोची हरकत आली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 चा मुद्दा तिथेच मांडायचा: दावा चालू असताना, मोबदल्याशिवाय, घरच्याच माणसाला, आणि धनकोंना देण्यापुरती दुसरी मोकळी मालमत्ता न ठेवता केलेले हस्तांतरण धनकोंना बुडवण्यासाठी केले आहे. नियम 58 खाली हा वाद दरखास्तीतच ठरतो आणि निकाल हुकूमनाम्यासारखा अपिलास पात्र असतो. मात्र गाळा मोकळा असेपर्यंत "दुसरी मालमत्ता आहे" असे उत्तर मिळते, म्हणून हा मुद्दा गाळ्याच्या हक्काची स्थिती स्पष्ट झाल्यावर घेतलेला बरा.

अटकेचा अर्ज पुष्कळजण पहिल्याच दिवशी करतात. कलम 51 च्या परंतुकाप्रमाणे ऋणकोकडे पैसे आहेत किंवा होते आणि तो देत नाही, किंवा त्याने मालमत्ता दडवली, हे दाखवावे लागते. नुसती गरिबी हे कैदेचे कारण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करताच येत नाही. अटकेचा अर्ज जोरदार व्हायला जे पुरावे लागतात, म्हणजे बँकेला दिलेले पत्रक, जीएसटीची नवी नोंदणी, बक्षीसपत्र, ते नियम 41 मधूनच येतात. म्हणून तो अर्ज त्यानंतर करावा.

जप्ती टिकवणे हेही दरखास्तदाराचेच काम. दरखास्त गैरहजेरीमुळे काढून टाकली गेली, तर नियम 57 प्रमाणे जप्ती चालू राहील की संपेल ते न्यायालयाने आदेशात लिहायचे असते. काहीच लिहिले नाही तर जप्ती संपली असे धरले जाते. गाळा तेवढ्यात विकला गेला तर नव्या दरखास्तीत तो परत मिळवता येत नाही. बेलिफ भत्ता वेळेवर न भरणे आणि तारखेला कुणीच हजर नसणे ही दरखास्त निघून जाण्याची नेहमीची कारणे. याच ऋणकोवर दुसऱ्या कुणाचा हुकूमनामा असेल आणि पैसे न्यायालयात यायच्या आधी त्याने त्याच न्यायालयात दरखास्त लावलेली असेल, तर कलम 73 प्रमाणे आलेली रक्कम प्रमाणात वाटली जाते. कारखान्याचे 5,30,000 न्यायालयात यायच्या आदल्या आठवड्यात दुसरा धनको दाखल झाला असता, तर वरचा सगळा हिशेब बदलला असता. म्हणून न्यायालयात भरणा होण्यापूर्वी ई-कोर्ट्सवर ऋणकोच्या नावाने पुन्हा एकदा शोध घ्यावा.